भाड्याच्या गाळ्यात दवाखाना: वापराचं कलम, पाटी आणि पत्त्याला बांधलेले परवाने

दवाखान्यासाठी गाळा घेताना घासाघीस होते ती भाड्यावर आणि डिपॉझिटवर. वापराचं कलम मात्र एजंटच्या तयार मसुद्यातून जसंच्या तसं येतं: ‘सदर मिळकतीचा वापर फक्त व्यावसायिक कारणासाठी करावा.’ या एका ओळीत दवाखाना हा शब्दही नसतो. सोनोग्राफी मशीन चालेल का, दुसरे डॉक्टर येऊन बसतील का, पाटी कुठे लागेल, यातलं काहीच त्यात नसतं. पुढे जे वाद होतात त्यांतले बरेचसे याच ओळीतून निघतात.

महाराष्ट्रातलं एक उदाहरण धरून चालू. समजा, पुण्यातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर सोसायटीच्या तळमजल्यावरचा साडेचारशे चौरस फुटांचा गाळा घेतायत. महिना ४०,००० रुपये, दरवर्षी ५ टक्के वाढ, डिपॉझिट ३ लाख, मुदत ३ वर्षं. बाह्यरुग्ण तपासणी आणि सोनोग्राफी करायची आहे, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी एक बालरोगतज्ज्ञ तिथे बसणार आहेत. रुग्ण दाखल करून घेणार नाहीत, म्हणजे खाट नाही. इथे बेत साधाच दिसतो, पण या एका खोलीबद्दल पाच निरनिराळ्या कागदांचं म्हणणं जुळावं लागतं.

आधी नकाशा, मग बोलणी

गाळा बघायला गेल्यावर मालकाकडून तीन कागद मागून घ्यावेत: मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि मालकाच्या खरेदीखताची सूची क्रमांक २. सूचीवरचं नाव आणि करार करून देणाऱ्याचं नाव एकच हवं. मालकी नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर असेल तर दोघांच्याही सह्या लागतात. एकाने दुसऱ्याच्या वतीने सही करायची असेल, तर त्याला तसं कुलमुखत्यारपत्र हवं.

नकाशावर बघायचं ते हे, की ज्या जागेत आपण उभे आहोत तिला तिथे काय म्हटलंय. ‘दुकान’ किंवा ‘कार्यालय’ लिहिलं असेल तर पुढे जायला हरकत नाही. तळमजल्यावर खांबांच्या मधल्या पार्किंगला भिंती घालून, शटर लावून केलेले गाळे आपल्या शहरांत काही कमी नाहीत. बाहेरून ते अगदी खऱ्या गाळ्यासारखे दिसतात, त्यांना वीजमीटरही असतो. नकाशात मात्र तिथे गाड्या उभ्या करायची जागा दाखवलेली असते. अशा गाळ्यावर महापालिकेची कारवाई झाली तर भाडेकरार कितीही पक्का असला तरी उपयोग नाही. पाडकाम मालकाच्या बांधकामाचं होतं, पण इंटिरिअर आणि रुग्णांचा पत्ता तुमचा जातो. गाळ्याच्या मागच्या बाजूला माळा काढून मधली पातळी केली असेल, तीही नकाशात शोधावी. साडेचारशे फूट म्हणून सांगितलेल्या जागेत शंभर फूट असा माळाच असतो, आणि भाडं पूर्ण साडेचारशे फुटांचं घेतलं जातं.

जागा गाळा नसून फ्लॅट असेल तर प्रश्न वेगळा होतो. मुंबईला तिची स्वतःची विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि पुण्यासह राज्याच्या बहुतेक शहरांना २०२० ची एकत्रित नियमावली. रहिवासी भागात दवाखान्याला वाव असतो, पण बाह्यरुग्ण तपासणी एक आणि रुग्ण दाखल करून घेणं दुसरं, हा फरक महत्त्वाचा ठरतो. त्याच इमारतीत राहणारे डॉक्टर आपल्या घराच्या एका खोलीत रुग्ण तपासतात, ते एक. बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांनी अख्खा फ्लॅट दवाखान्यासाठी घेणं दुसरं. एकाला मिळालेली मोकळीक दुसऱ्यालाही आहे असं धरून चालू नये. फ्लॅट असेल तर वास्तुविशारदाकडून नियमावलीतली तरतूद लेखी घ्यावी आणि मगच टोकन द्यावं.

सोसायटीचा भाग इथेच उरकून घ्यावा. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला जागा लिव्ह अँड लायसन्सवर देताना सोसायटीला कळवावं लागतं आणि कराराची प्रत द्यावी लागते. गाळा आधीपासून गाळाच असेल तर तेवढ्याने भागतं. सभासद जागा स्वतः न वापरता दुसऱ्याला देतो म्हणून सोसायटी जादा आकार लावते, त्याला बिनभोगवटा शुल्क म्हणतात, आणि त्याची कमाल मर्यादा सेवाशुल्काच्या १० टक्के आहे. ते कोण भरणार हे करारात लिहावं. राहण्याच्या फ्लॅटचा वापर बदलायचा असेल तर मात्र नुसतं कळवणं पुरत नाही, समितीची आगाऊ परवानगी लागते. अध्यक्षांचं तोंडी ‘चालेल हो’ निवडणुकीनंतर नव्या समितीला बांधत नाही.

अकरा महिन्यांचा गैरसमज आणि मुद्रांकाचा हिशेब

‘अकरा महिन्यांचा करार करू, म्हणजे रजिस्टर करायला नको’ हे वाक्य अजून ऐकू येतं. भारतीय नोंदणी कायद्यात एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला सक्तीच्या नोंदणीतून सूट आहे, त्यावरून हा समज आला. महाराष्ट्रात तो चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल जागा घेणाऱ्याचं म्हणणं खरं मानलं जातं, ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करेपर्यंत. मालक टाळाटाळ करत असेल तर त्याला हे शांतपणे सांगावं, कारण नोंदणी त्याच्याच फायद्याची आहे.

खर्चही फार नसतो. मुदत ६० महिन्यांपर्यंत असेल तर मुद्रांक शुल्क एकूण मोबदल्याच्या ०.२५ टक्के लागतं. परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज कल्पून ते मोबदल्यात मिळवतात. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षाचे ४,८०,०००, दुसऱ्याचे ५,०४,००० आणि तिसऱ्याचे ५,२९,२०० मिळून १५,१३,२०० होतात. डिपॉझिटवरचं व्याज वर्षाला ३०,००० म्हणजे तीन वर्षांत ९०,०००. एकूण १६,०३,२०० वर पाव टक्का म्हणजे ४,००८ रुपये. नोंदणी फी वेगळी. मुदत ६० महिन्यांच्या वर गेली की हाच कागद मुद्रांकासाठी भाडेपट्ट्यासारखा धरला जातो आणि शुल्क एकदम वाढतं. म्हणून बहुतेक करार पाच वर्षांच्या आत बसवलेले दिसतात.

वापराचं कलम कसं लिहावं

लिव्ह अँड लायसन्समध्ये जागेत तुमचा कोणताही हक्क तयार होत नाही, फक्त वापरायची परवानगी मिळते. या परवानगीला लागू होतो तो १८८२ चा सुविधाधिकार कायदा, म्हणजे ईझमेंट्स अ‍ॅक्ट. त्याच्या कलम ५६ मध्ये दवाखान्यासाठी फार महत्त्वाची गोष्ट आहे: करारातून वेगळा हेतू दिसत नसेल, तर लायसन्स दुसऱ्याला देता येत नाही आणि नोकर किंवा प्रतिनिधीमार्फत वापरताही येत नाही. म्हणजे करार तुमच्या नावावर असेल आणि दोन संध्याकाळी बालरोगतज्ज्ञ बसत असतील, तर मालक म्हणू शकतो की तुम्ही पोटभाडेकरू ठेवलात. बाळंतपणाच्या रजेवर असताना तुमच्या जागी दुसऱ्या डॉक्टर बसल्या तरी तोच आक्षेप येऊ शकतो. तयार मसुद्यात ‘त्रयस्थ व्यक्तीस जागेचा ताबा देता येणार नाही’ हे वाक्य असतंच, त्यामुळे आक्षेपाला जोर मिळतो.

आपल्या उदाहरणात कलम साधारण असं असावं:

‘सदर गाळ्याचा वापर लायसन्सी या बाह्यरुग्ण दवाखाना व सोनोग्राफी तपासणी केंद्र म्हणून करतील. लायसन्सी यांचे सहकारी व भेट देणारे डॉक्टर, रजेच्या काळातील बदली डॉक्टर, परिचारिका व कर्मचारी यांना लायसन्सी यांच्या देखरेखीखाली सदर जागेत काम करता येईल व ते पोटभाड्याने देणे समजले जाणार नाही. रुग्ण दाखल करून घेता येणार नाहीत. दवाखान्यासाठी लागणाऱ्या सर्व नोंदण्यांसाठी मालक संमतीपत्र व जागेची कागदपत्रे मागणीनंतर सात दिवसांत देतील.’

यातलं शेवटचं वाक्य सर्वांत जास्त वेळा राहून जातं. नोंदणीचा अर्ज करताना जागेचा पुरावा लागतो, कधी मालकाचं संमतीपत्र, कधी मिळकतकराची पावती. सही झाल्यावर मालक परदेशी मुलाकडे गेला, तर दोन-तीन महिने भाडं चालू आणि दवाखाना बंद अशी स्थिती येते. त्यावर उपाय म्हणजे पहिल्या दोन महिन्यांचा भाडेमाफीचा काळ मागून घेणं, आणि वापरच कायद्याने नाकारला गेला तर लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा ठरलेला काळ, लागू होणार नाही व डिपॉझिट पूर्ण परत मिळेल, असं एक वाक्य घालणं. नकार तुमच्या पात्रतेमुळे आला की जागेमुळे, हा भेद त्यात स्पष्ट करावा. जागेमुळे आलेल्या नकाराचं ओझं मालकाने उचलणं रास्त आहे.

‘रुग्ण दाखल करून घेता येणार नाहीत’ हे वाक्य मालकाच्या आग्रहाने येतं, आणि ते येऊ द्यावं. रुग्णांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा सुरू झाली की महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा, १९४९ लागू होतो, आणि त्यापाठोपाठ अग्निशमनाच्या अटीही कडक होतात. ‘एकच खाट आहे, सलाइन लावण्यापुरती’ असं म्हणत बरेच दवाखाने या रेषेवर उभे असतात. खाट तपासणीसाठी की रुग्णाला ठेवण्यासाठी, हे करार करतानाच ठरवावं. पुढेमागे छोटं प्रसूतिगृह काढायचा विचार असेल तर हा गाळा त्यासाठी नाही, एवढं आधी मान्य करावं.

इंटिरिअरचे पैसे आणि मालकाने गाळा विकला तर

सुविधाधिकार कायद्याचं कलम ५९ असं सांगतं की मालकाने मिळकत हस्तांतरित केली, तर नवा मालक त्या लायसन्सला बांधील राहत नाही. भाडेपट्टा असता तर खरेदीदाराला तो पाळावा लागला असता. लिव्ह अँड लायसन्समध्ये हे संरक्षण नाही, आणि ते नाही हेच कित्येक डॉक्टरांना ठाऊक नसतं. भाडेपट्टा द्यायला मालक सहसा तयार होत नाही, कारण त्यातून भाडेकरूचे हक्क निर्माण होतात. तेव्हा करारातच पैशाची सोय करून ठेवावी लागते.

समजा, आपल्या डॉक्टरांनी फरशी, पार्टिशन, बेसिन, वीजजोडणी यांवर ९ लाख खर्च केले. तीन वर्षांत वाटले तर महिन्याला २५,००० पडतात. करारात असं लिहून घ्यावं की मुदतीच्या आत मालकाने गाळा विकला आणि खरेदीदाराने उरलेल्या मुदतीचा करार करून दिला नाही, तर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात हा खर्च मालक भरून देईल. चौदाव्या महिन्याअखेर बाहेर पडावं लागलं तर बावीस महिने उरले, म्हणजे ५,५०,००० रुपये. खर्चाची बिलं दोघांच्या सहीने कराराला जोडून ठेवावीत, नाहीतर ९ लाखांचा आकडाच नाकारला जातो. मोबदला देऊन घेतलेलं लायसन्स आपली चूक नसताना मुदतीआधी संपवलं गेलं, तर भरपाई मागण्याचा हक्क कलम ६४ तही आहे. पण कोर्टात नुकसान मोजून दाखवण्यापेक्षा आकडा आधी लिहिलेला बरा.

एक भेद इथेच लिहून ठेवावा: काय उचलून न्यायचं आणि काय सोडून जायचं. मशीन, एसी, फर्निचर तुमचं. फरशी आणि भिंतीत गाडलेली नळवाहिनी राहणार. बेसिनची जागा बदलताना खालच्या बाजूला दुसऱ्याची जागा असेल, तर गळतीची जबाबदारी कोणाची हेही लिहावं.

पाटी

पाटीबाबत तीन वेगवेगळ्या यंत्रणांचे नियम एकाच फळीवर येऊन बसतात, आणि प्रत्येकाला वाटतं की आपला तेवढा पाळला की झालं.

पहिला नियम भाषेचा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ मध्ये २०२२ च्या दुरुस्तीने कलम ३६क आलं. मराठी देवनागरी नामफलक सर्व आस्थापनांना सक्तीचा झाला, कर्मचारी कितीही असोत. दुसरी भाषा वापरता येते, पण मराठी मजकूर आधी हवा आणि त्याची अक्षरं दुसऱ्या भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. ‘आमचं दुकान नव्हे, दवाखाना आहे’ हे उत्तर इथे चालत नाही. जुन्या १९४८ च्या कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने डॉ. देवेंद्र सुरती यांच्या प्रकरणात डॉक्टरांचा खाजगी दवाखाना व्यापारी आस्थापना नाही असं म्हटलं होतं, आणि तो निकाल अजून दाखवला जातो. पण २०१७ च्या कायद्याने आस्थापनेच्या व्याख्येतच वैद्यकीय व्यावसायिकांचे दवाखाने, तसंच वास्तुविशारद, अभियंते, लेखापाल, करसल्लागार घातले आहेत. तेव्हा जुना निकाल पाटीपुरता बाजूला ठेवावा.

दुसरा नियम व्यवसायाच्या शिस्तीचा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे पाटी अवाजवी मोठी नसावी, आणि तिच्यावर नाव, विद्यापीठाची किंवा वैधानिक संस्थेची पदवी, पदनाम, विशेष शाखा आणि राज्य परिषदेच्या नावासह नोंदणी क्रमांक याशिवाय काही लिहू नये. ‘खात्रीशीर उपचार’, ‘शंभर टक्के गुण’, यशस्वी शस्त्रक्रियांचे आकडे, फोटो, सवलतीचे दर, हे काहीही पाटीवर बसत नाही. जिथे आपण राहत नाही किंवा काम करत नाही तिथे पाटी लावणं अयोग्य ठरवलंय, औषधाच्या दुकानावरची पाटीही त्यातच येते. म्हणजे शेजारचा औषधवाला ‘मॅडम, तुमचं नाव माझ्या बोर्डावरही टाकतो’ म्हणाला तर नको म्हणावं. २०२३ मध्ये नव्या आचारनियमांची अधिसूचना आली होती, पण ती त्याच महिन्यात स्थगित झाली.

पाटीवर तांबडा क्रॉस काढायची सवय अजून गेलेली नाही. ते चिन्ह रेड क्रॉसचं आहे आणि जिनिव्हा करार कायदा, १९६० नुसार सरकारच्या परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. पाटी रंगवणारा विचारल्याशिवाय ते टाकून देतो. म्हणून मजकूर आणि चिन्ह दोन्ही लिहून, काढून द्यावं.

तिसरा नियम महापालिकेचा. मुंबईच्या महापालिका कायद्यातली तत्त्वरेषा समजायला सोपी आहे: त्याच जागेत चालणाऱ्या धंद्याची, प्रकाश नसलेली, छताच्या वर न जाणारी पाटी असेल तर जाहिरात म्हणून परवानगी लागत नाही. तीच पाटी दिव्यांची केली की परवाना आणि वार्षिक शुल्क आलं. पुण्यात हे काम आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे आहे. आधी बोर्ड लावायचा आणि नोटीस आल्यावर अर्ज करायचा, असं केलं की शुल्काबरोबर दंडही भरावा लागतो. बाहेरून दिवा टाकून पाटी उजळणार असाल, तर तेही ‘प्रकाशित’ धरतात का, हे अर्जापूर्वी विभागात विचारून घ्यावं.

या तिन्हींच्या आधी एक साधा प्रश्न असतो: ज्या भिंतीवर पाटी लागणार ती कोणाची? गाळ्याची आतली जागा मालकाची असली तरी इमारतीची बाहेरची भिंत सोसायटीची सामाईक असते. मालकाने ‘लावा हो’ म्हणणं पुरत नाही. करारात जागा आणि माप लिहावं, जसं ‘शटरच्या वर, आठ फूट बाय दोन फूट, भिंतीपासून सहा इंचांहून जास्त बाहेर न येणारा एक फलक आणि प्रवेशाजवळ दीड फूट बाय एक फूट नामफलक’. सोसायटीचं पत्र कराराला जोडावं. रस्त्यावरून पाटी दिसत नसेल आणि कमानीवर दिशादर्शक लागणार असेल, तर तोही त्याच पत्रात घ्यावा. नंतर मागितला की प्रत्येक सभासदाला मत असतं.

वकील आणि चार्टर्ड अकाउंटंट यांचंही असंच आहे. बार कौन्सिलच्या नियमात नामफलक वाजवी आकाराचा हवा, आणि लेखापालांच्या संस्थेला व्यापाऱ्यांसारखे चमकते मोठे फलक मान्य नाहीत. त्यांनी मालकाकडे दर्शनी मोठ्या बोर्डाच्या हक्कासाठी जादा भाडं मोजण्यात अर्थ नाही.

पत्त्याला बांधलेल्या नोंदण्या

डॉक्टरांची राज्य परिषदेतली नोंदणी व्यक्तीची असते, ती सोबत फिरते. बाकीच्या बहुतेक नोंदण्या जागेच्या असतात, आणि करार त्यांच्या तारखांशी जुळवावा लागतो.

सगळ्यांत कडक आहे ती सोनोग्राफीची. गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखाली (पीसीपीएनडीटी) केंद्र, जागा, मशीन आणि ते वापरणारे डॉक्टर यांची मिळून नोंदणी होते. ती पाच वर्षं चालते, हस्तांतरित होत नाही, आणि एका केंद्राची फी २५,००० रुपये आहे. जागा, मशीन किंवा माणूस बदलायचा असेल तर किमान ३० दिवस आधी समुचित प्राधिकाऱ्याला कळवून प्रमाणपत्र नव्याने करून घ्यावं लागतं. नोंदणीआधी मशीन गाळ्यात आणून ठेवलं, किंवा जुन्या दवाखान्यातून नव्यात ‘फक्त हलवलं’, तर ते सील होऊ शकतं. बालरोगतज्ज्ञ मशीनला हात लावणार नसतील तर त्यांचं नाव नोंदणीत नको, पण मशीनची खोली त्यांच्या वेळेत बंद राहील अशी मांडणी हवी. गर्भलिंग सांगितलं जात नाही, तो गुन्हा आहे, हा फलक इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत दर्शनी लावावा लागतो, आणि प्रमाणपत्रही. तपासणीचं पथक येऊ शकतं, म्हणून करारातल्या ‘जागेत येण्याचा हक्क’ या कलमात मालकाने अचानक आत येण्यावर मर्यादा घालावी, रुग्णांच्या नोंदी आणि तपासणी सुरू असलेली खोली वगळून.

तीन वर्षांचा करार आणि पाच वर्षांची नोंदणी यांचा मेळ इथेच बसत नाही. तीन वर्षांनी गाळा सोडला तर उरलेल्या दोन वर्षांची नोंदणी सोबत नेता येत नाही, नव्या जागेसाठी पुन्हा प्रक्रिया करावी लागते. म्हणून शक्य असेल तर करार ६० महिन्यांचा करावा आणि लॉक-इन फक्त मालकावर मोठा, स्वतःवर १२ महिन्यांचा ठेवावा. मालक सहसा लॉक-इन दोघांवर सारखा मागतो. निदान मालकाने मुदतीआधी संपवायचं ठरवलं तर नोटीस तीन महिन्यांची हवी, एक महिना या नोंदणीला पुरत नाही.

दुसरी नोंदणी जैववैद्यकीय कचऱ्याची. खाट नसलेल्या दवाखान्यालाही २०१६ च्या नियमांप्रमाणे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र लागतं. खाटा नसणाऱ्यांसाठी ते एकदाच घ्यायचं असतं, पण सामाईक प्रक्रिया केंद्राचं सदस्यत्व आणि रोजचा कचरा देणं चालूच राहतं. पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या डब्यांना जागा लागते, आणि कचरा ४८ तासांहून जास्त ठेवता येत नाही. छोट्या गाळ्यात ही जागा काढलेलीच नसते, मग पिशव्या जिन्याखाली जातात आणि सोसायटीशी पहिलं भांडण इथे होतं. आराखडा काढतानाच स्वच्छतागृहाजवळ बंद दाराचा तीन फूट बाय दोन फुटांचा कोपरा ठेवावा. गाडी कोणत्या वेळी येणार आणि कोणत्या दाराने जाणार हे सोसायटीच्या पत्रात घालावं.

दुकाने व आस्थापना कायद्याखाली कर्मचारी कमी असतील तर पूर्ण नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देऊन भागतं, तीही पत्त्याचीच.

वीज आणि जीएसटी

वीजजोडणी घरगुती असलेल्या फ्लॅटमध्ये दवाखाना चालवायचा असेल तर मीटरचा वर्ग आधी बघावा. महावितरणच्या दरपत्रकात दवाखान्यांचा वेगळा वर्ग आहे, सार्वजनिक सेवेचा, आणि तो व्यापारी वर्गापेक्षा निराळा आहे. आपल्या राहत्या घरात काम करणाऱ्या डॉक्टर-वकिलांना घरगुती दर मिळतो, ते तिथे राहत असतील तर. बाहेरून आलेल्याला ती सवलत नाही. चुकीच्या वर्गात वापर सापडला तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि किती काळ वापर चालला हे ठरवता आलं नाही तर बारा महिन्यांची. बिल मालकाच्या नावावर येतं, मालक डिपॉझिटमधून कापतो. गाळा व्यापारी वर्गात असेल तर उलट वर्ग बदलून घेणं तुमच्या फायद्याचं ठरू शकतं, फक्त अर्जावर सही मालकाची लागते.

जीएसटीचा मुद्दा सरळ आहे. मालक नोंदणीकृत असेल तर व्यावसायिक जागेच्या भाड्यावर १८ टक्के लावतो, म्हणजे ४०,००० चे ४७,२०० होतात. डॉक्टरांची आरोग्यसेवा करमुक्त असल्यामुळे या ७,२०० चं क्रेडिट मिळत नाही, तो निव्वळ खर्च. शेजारच्या गाळ्यातला नोंदणीकृत लेखापाल तेवढेच पैसे भरून वजावट घेतो. म्हणून दोन गाळ्यांचं भाडं तोलताना मालकाची नोंदणी आहे का, हे आधी विचारावं: नोंदणी नसलेल्या मालकाचा ४५,००० चा गाळा नोंदणी असलेल्याच्या ४०,००० च्या गाळ्यापेक्षा स्वस्त पडतो. डॉक्टर स्वतः जीएसटीत नोंदणीकृत असतील, सौंदर्योपचारासारख्या सेवांमुळे, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाच्या भाड्यावरचा कर त्यांनाच उलट पद्धतीने भरावा लागतो. तेव्हा हा हिशेब पालटतो.

गाळा सोडायच्या दिवशी तीन गोष्टी एकाच कागदावर घ्याव्यात: मीटरचं रीडिंग, पाटी काढून भिंत पूर्ववत केल्याचं मालकाचं मान्य वाक्य, आणि डिपॉझिट परतीची रक्कम व तारीख. त्याच्या महिनाभर आधी सोनोग्राफीच्या प्राधिकाऱ्याला पत्र गेलेलं असावं, आणि मशीन नव्या पत्त्यावर हलवण्याची मंजुरी हातात आल्यावरच ट्रक बोलवावा.